तीनशे सात म्हणजे आता काय?

प्रश्न : मी सेनगाव तालुक्यातली. नांदेडला एलएल.बी. करते. भारतीय न्याय संहितेची कलमं वाचताना सगळी येतात, पण पेपरात खुनाला १०३ लिहायचं तर हात ३०२ लिहून मोकळा होतो. लहानपणापासून कानावर पडलेले आकडे डोक्यातून काढायचे कसे?

उत्तर : काढू नका. काढता येणार नाहीत आणि काढून चालणारही नाही. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या भारतीय दंड संहितेखालीच चालतात. उद्या हिंगोलीच्या कोर्टात उभ्या राहाल तेव्हा दोन्ही आकडे लागतील. म्हणून जुना आकडा नव्याची खुंटी करायचा.

मनुष्यवधाचा गट घ्या. जुन्यात २९९ सदोष मनुष्यवध, ३०० खुनाची व्याख्या, ३०२ खुनाची शिक्षा, ३०४ खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा. प्रत्येकातून १९९ वजा करा : १००, १०१, १०३, १०५. पुढे मात्र १९८ वजा करायचे. ३०६ म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणं, ते आता १०८. ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, तो १०९. मधला एक कुठे गेला? जुन्यात हलगर्जीने मृत्यू हे कलम ३०४-अ असं शेपूट लावून बसवलेलं होतं. नव्यात त्याला १०६ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला, त्यामुळे पुढची सगळी कलमं एका घराने सरकली. (३०४-ब, हुंडाबळी, या रांगेत राहिलंच नाही. ते ८० वर गेलं.) हे कारण एकदा कळलं की १९९ आणि १९८ वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

तुमचा खरा घोटाळा मात्र पुढे आहे. रिकामे झालेले ३०३ ते ३१० हे क्रमांक नव्या संहितेत मालमत्तेच्या गुन्ह्यांना मिळाले. ३०४, ३०६, ३०७ या आकड्यांवर तुमच्या डोक्यात आधीच दुसऱ्याच गुन्ह्यांच्या पाट्या लागल्या आहेत. नुसतं दहादा वाचून या पाट्या बदलत नाहीत. आठ कलमं एकाच गोष्टीत ओवली तर बदलतात. गोष्ट तुमच्याच जिल्ह्यातली घेऊ : वसमतचा मोंढा आणि हळदीचं एक पोतं.

मोंढ्यात उघड्यावर पडलेलं पोतं कुणीतरी गुपचूप उचललं, ही साधी चोरी, ३०३. व्यापाऱ्याच्या हातातली पिशवी झटक्यात हिसकावून पळाला, ३०४. पोतं गोदामातून किंवा ट्रकमधून गेलं, ३०५. आडतीवरच्या पगारी नोकरानेच मालकाचं पोतं लांबवलं, ३०६. कुणी अडवलं तर भोसकायचं या तयारीने कमरेला सुरा खोचून चोरी केली, पण सुरा काढायची वेळ आली नाही, ३०७. इथे नीट थांबा. जुन्या ३०७ मध्ये जीव घ्यायचा प्रयत्न होता, नव्या ३०७ मध्ये चोरीसाठी जीव घ्यायची किंवा इजा करायची तयारी आहे. एकाच आकड्यावरचा हा फरक एका ओळीत लिहून ठेवा.

आता ३०८, खंडणी. इथे धमकीला घाबरून व्यापारी स्वतःच्या हाताने पोतं देतो. चोरीत माल नेला जातो, इथे दिला जातो. चोरी करताना, किंवा माल घेऊन पळताना, मारहाण केली, अडवून ठेवलं किंवा तत्काळ इजेची भीती घातली की ती जबरी चोरी, ३०९. खंडणीचीही, समोर उभं राहून तत्काळ मृत्यूची किंवा इजेची भीती घालून तिथल्या तिथे माल घेतला, तर जबरी चोरी होते. म्हणूनच ३०३ आणि ३०८ झाल्यावर ३०९ येतं, क्रम उगाच लागलेला नाही. तोच प्रकार पाच किंवा अधिक जणांनी मिळून केला की दरोडा, ३१०.

खुंटी इथेही आहे. चोरीची व्याख्या जुन्यात ३७८, नव्यात ३०३, फरक ७५. तोच फरक ३८०, ३८१, ३८२, ३८३ या चारही कलमांना चालतो. ३७९ ची शिक्षा ३०३ च्याच पोटात घातली आणि मोकळ्या झालेल्या ३०४ वर हिसकावण्याचा नवा गुन्हा बसवला, म्हणून हिशेब बिघडला नाही. खंडणीची बाकीची कलमं ३०८ मध्ये एकत्र केल्यावर मात्र बिघडतो : ३९० चं ३०९ आणि ३९१ चं ३१०, फरक ८१. त्यापुढे वजाबाकीच्या नादी लागू नका, सरळ पाठ करा.

गोष्ट समजली म्हणजे पाठ झाली असं नाही. वाचताना येतं आणि पेपरात येत नाही, कारण वाचताना तुम्ही कलम ओळखता, पेपरात ते आठवावं लागतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

तेव्हा बेअर अ‍ॅक्ट मिटा आणि कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा : क्रमांक, गुन्ह्याचा गाभा, शिक्षा. आठवेल तेवढं लिहा. अडलं तर लगेच पुस्तक उघडू नका, जागा मोकळी सोडून पुढे चला. शेवटी पुस्तकाशी ताडून चुका लाल शाईने दुरुस्त करा. हाच गट दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा लिहा. दर वेळी नवा कागद घ्या, जुना समोर नको. लाल शाई कुठे पडते ते पाहा. खुनापुढे ३०२ पडलं तर जुनी सवय आड येते, तिथे खुंटी पुन्हा घट्ट करा. ३०५ आणि ३०६ ची अदलाबदल झाली तर गोष्टच कच्ची आहे.

आणखी एक चूक लाल शाईत दिसत नाही. सतरा आठे विचारलं की काही मुलं सतरा एकेपासून पाढा म्हणत येतात. तसं ३०९ आठवायला ३०३ पासून मोजत यावं लागत असेल, तर तुम्हाला रांग पाठ आहे, कलमं नाहीत. म्हणून तिसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या करा. एका बाजूला क्रमांक नको, छोटी घटना लिहा : ‘सहा जणांनी रात्री हिंगोली-नांदेड रस्त्यावर टेम्पो अडवून चालकाला मारहाण केली आणि पोती नेली.’ उत्तर ३१०. आता सहाच्या जागी तिघे करा. उत्तर ३०९ वर येतं, आणि महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान घडलं म्हणून शिक्षा दहाऐवजी चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. पेपरात समस्या याच रूपात येते, नुसता क्रमांक क्वचितच विचारतात.

आणि क्रमांक आठवलाच नाही तर? ‘दरोड्याच्या तरतुदीनुसार’ असं लिहून घटक पूर्ण मांडा. अंदाजाने चुकीचा आकडा टाकण्यापेक्षा ते कितीतरी बरं, परीक्षकाची नजर आधी आकड्यावर जाते.

संविधानाचे अनुच्छेदही असेच गटागटाने पाठ करा. तिथे काम हलकं आहे, गट आधीच पाडलेले आहेत : १४ ते १८ समता, १९ ते २२ स्वातंत्र्य, २३-२४ शोषणाविरुद्ध, २५ ते २८ धर्म, २९-३० संस्कृती व शिक्षण, ३२ दाद मागण्याचा हक्क. मध्ये ३१ ची जागा रिकामी दिसेल. तिथला मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला आणि तो आता ३००-अ मध्ये आहे.