घोरणाऱ्या मुलाचे ॲडेनॉइड काढावेत का?

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. वर्षभर त्याचं नाक चोंदलेलंच असतं. तोंड उघडं ठेवून झोपतो आणि मोठ्या माणसासारखा घोरतो. एक्स-रेमध्ये ॲडेनॉइड वाढलेले दिसले, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. सासूबाई म्हणतात, वयानुसार आपोआप जाईल. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. नाकाच्या मागच्या टोकाला, टाळूच्या वर असलेली ही गाठ साधारण तीन ते सात वर्षांच्या काळात सर्वांत मोठी असते आणि पुढे आक्रसत जाते. प्रश्न एवढाच, की तोवर थांबणं तुमच्या मुलाला परवडेल का? त्याचं उत्तर एकट्या एक्स-रेवरून मिळत नाही. त्यासाठी त्याची झोप आणि त्याचे कान बघावे लागतात.

रात्री तो गाढ झोपला की अंगातला शर्ट काढून छाती दिसेल असा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. नुसतं एकसुरी घोरणं असेल तर थांबायला हरकत नाही. पण घोरणं मध्येच बंद पडतं, छाती आत ओढली जाते आणि मग दचकून मोठा श्वास येतो, असं वारंवार दिसलं तर श्वास अडतो आहे. अशी मुलं दिवसा चिडचिडी असतात, काही पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात.

आता कान. टीव्हीचा आवाज वाढवणं, दोनदा हाक मारावी लागणं याला हट्टीपणा समजू नका. घसा आणि कान यांना जोडणारी नळी ॲडेनॉइडशेजारीच उघडते. तिचं काम बिघडलं की पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, पण कान दुखत नाही.

श्वास अडत नसेल तर आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे सहा ते बारा आठवडे रोज वापरून बघतात. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारायचा. दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडून देऊ नका. नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र आठवडेच्या आठवडे घालू नयेत, त्याने नाक उलट जास्त चोंदतं.

झोपेत श्वास अडत असेल, किंवा कानातलं पाणी तीन महिन्यांनंतरही तसंच असून ऐकू कमी येत असेल, तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. पूर्ण भूल देऊन ते तोंडातून करतात, बाहेर टाका पडत नाही. त्याने प्रतिकारशक्ती कमी होईल ही भीती सोडा, ते काम शरीरातल्या इतर ग्रंथीही करतात. टॉन्सिलही मोठे असतील तर ते सोबत काढावे लागू शकतात. ॲलर्जी असेल तर नाक पुढेही काही काळ चोंदेल.

व्हिडिओ आणि कानाच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि निर्णय त्यावर घ्या.