परिसेविकेचे शिफारसपत्र : एक अभ्यास

आमच्या शस्त्रक्रिया विभागात विद्यार्थिनी म्हणून आलेली आणि पदवीनंतर तेथेच एक वर्ष सेवा केलेली एक परिचारिका यंदा एम.एस्सी. नर्सिंगसाठी अर्ज करीत होती. तिने विभागाच्या परिसेविकांकडे शिफारसपत्र मागितले. सिस्टरांनी पहिल्या मसुद्यात लिहिले, “ही अत्यंत मेहनती, प्रामाणिक व मनमिळाऊ आहे.” यात असत्य काहीच नव्हते; परंतु हेच वाक्य कोणत्याही मुलीविषयी लिहिता आले असते. तेव्हा आम्ही त्यांना एवढेच विचारले, “सिस्टर, आपण स्वतः काय पाहिलेत?”

त्यांना एक रात्र आठवली. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस संपला होता. रुग्णाच्या तक्त्यावर श्वसनाचा वेग दर वेळी मिनिटाला २० असाच नोंदलेला होता. आकडा मुळीच हलत नाही, तेव्हा तो मोजलेला नसून अंदाजाने लिहिलेला असण्याचा संभव असतो. या मुलीने रुग्णाची नाडी पाहत असल्यासारखा त्याचा हात धरला आणि घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. कारण श्वास मोजले जात आहेत हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो. वेग २८ भरला. रक्तदाब ठीक होता, तरी तिने पुन्हा मोजून खात्री केली व डॉक्टरांना बोलावले. फुप्फुसात संसर्ग सुरू झाल्याचे तपासणीत आढळले आणि उपचार त्याच रात्री सुरू झाले. प्रकृती ढासळू लागल्याची खूण पुष्कळदा रक्तदाबाआधी श्वासात दिसते, हे ती केवळ पुस्तकातून शिकली नव्हती.

सिस्टरांनी पत्रात हा प्रसंग लिहिला. रुग्णाचे नाव, खाट क्रमांक व तारीख वगळली. आपण तिला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखतो, हे आरंभीच नमूद केले. कारण त्यावाचून साक्षीला वजन येत नाही.

एक प्रश्न उरला. वरिष्ठांच्या फेरीत ही मुलगी फार संकोचाने बोलत असे. ते लिहिले तर तिचे नुकसान होईल, अशी सिस्टरांना धास्ती वाटली. अखेरीस त्यांनी लिहिले, “आरंभी ती फेरीत गप्प राहत असे. गेल्या सहा महिन्यांत ती आपल्या रुग्णांची माहिती स्वतः मांडू लागली आहे. अजून सरावाची गरज आहे.” पत्र पाठविण्यापूर्वी तिला बोलावून हे वाक्य वाचून दाखविले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सिस्टर, खरे आहे. राहू द्या.”

जेथे निवड केवळ प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होते, तेथे अशा पत्राने क्रमांक बदलत नाही. मुलाखत किंवा शिष्यवृत्ती असेल तेथे मात्र परीक्षकांना गुणपत्रिकेत न दिसणारे ते एक मिनिट या पत्रातून दिसते.