ऋण संख्यांची उलटी रांग

खाडीच्या तळाची मोजणी असली की आकडे ऋण येतात. मोजणीसाठी ठरवलेल्या संदर्भपातळीच्या वरची उंची धन आणि खालची ऋण. कोकणातल्या एका खाडीचे असे काही कोटी बिंदू आमच्याकडे आले, तेव्हा त्यांचा क्रम लावणारा प्रोग्रॅम बरीच वर्षं विनातक्रार चालत होता. त्याआधी त्याच्या वाट्याला आलेली कामं पठारावरची होती, समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंचीची. एकही ऋण आकडा त्याने कधी पाहिलेला नव्हता. खाडीच्या अहवालात मात्र सर्वांत खोल जागा पाण्याबाहेर निघाली आणि संदर्भपातळीच्या जेमतेम वरची जागा तळाशी गेली.

ही चूक ढळढळीत होती, म्हणून लगेच सापडली. तिच्यावर घाईघाईने जो इलाज झाला, तो जास्त धोक्याचा होता. रॅडिक्स सॉर्टने दशांशचिन्हाच्या संख्या लावणाऱ्या अनेकांना हे दोन्ही खड्डे याच क्रमाने लागतात, म्हणून सविस्तर लिहितो.

रॅडिक्स सॉर्टमध्ये दोन संख्यांची आपसांत तुलना होतच नाही. टपालाचे गठ्ठे आधी पिनकोडच्या शेवटच्या अंकाप्रमाणे कप्प्यांत टाकावेत, ते क्रमाने उचलून पाचव्या अंकाप्रमाणे पुन्हा टाकावेत, असं करत पहिल्या अंकापर्यंत आलं की सगळं टपाल क्रमात येतं, तसंच हे. अट एकच: एका कप्प्यात पडलेल्यांचा आधीच्या फेरीतला आपसांतला क्रम मोडता कामा नये. संगणकात अंकाऐवजी ८ बिटांचा तुकडा घेतात. त्यामुळे २५६ कप्पे होतात आणि ३२ बिटांच्या संख्येला चार फेऱ्या पुरतात. ११ बिटांचे तुकडे केले तर कप्पे २०४८ होतात, पण फेऱ्या तीनच. संख्या कोट्यवधी असतील तर तुलना करणाऱ्या पद्धतीपेक्षा हे सहसा बरंच वेगाने होतं. मात्र मूळ यादीएवढीच आणखी एक जागा स्मृतीत लागते, आणि यादी शे-दोनशेची असेल तर हा खटाटोप करूच नये.

ही पद्धत समजते ती चिन्ह नसलेल्या पूर्णांकांची भाषा. दशांश संख्येचे बिट तिला तसेच दिले तर काय होईल, हे त्या बिटांच्या मांडणीवर ठरतं. आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार ३२ बिटांच्या संख्येत सर्वांत वरचा बिट चिन्हाचा असतो, त्याखाली ८ बिट घातांकाचे आणि उरलेले २३ अपूर्णांकाचे. घातांकात १२७ मिळवून तो साठवतात, त्यामुळे तो कधी ऋण दिसत नाही. घातांक वरच्या बाजूला असल्याने मोठा घातांक म्हणजे मोठा पूर्णांक, आणि घातांक सारखे असतील तर अपूर्णांक निकाल लावतो. १ च्या अगदी अलीकडची संख्या `0x3F7FFFFF` आहे. तिच्यात एक मिळवला की हातचा घातांकात जातो आणि `0x3F800000`, म्हणजे बरोबर १.० मिळतो. थोडक्यात, धन संख्यांचे बिट पूर्णांक म्हणून वाचले तरी क्रम बिघडत नाही. पठारावरचे आकडे वर्षानुवर्षं बरोबर लागत होते ते यामुळेच.

ऋण संख्येत मात्र फक्त वरचा बिट १ होतो, बाकीचे बिट त्याच आकाराच्या धन संख्येचे असतात. पूर्णांकांमध्ये ऋण संख्या ज्या रीतीने साठवतात, तिच्यापेक्षा ही रीत वेगळी आहे. २.०, −१.०, ०.५, −२.० आणि −०.५ हे पाच आकडे घ्या. त्यांचे बिट अनुक्रमे `40000000`, `BF800000`, `3F000000`, `C0000000` आणि `BF000000` आहेत. चिन्हाचा विचार न करता हे लावले तर क्रम येतो ०.५, २.०, −०.५, −१.०, −२.०. ऋण संख्या धनांच्या पुढे जातात, आणि शिवाय आपसांत उलट्या लागतात.

आमच्याकडे यावर केलेला इलाज असा होता की बिट चिन्हासहित पूर्णांक म्हणून वाचायचे. त्यासाठी वरचा बिट सगळ्यांचाच उलटला. आता क्रम आला −०.५, −१.०, −२.०, ०.५, २.०. ऋण आधी, धन नंतर. यादीवरून नुसती नजर फिरवली तर सगळं ठीक. अहवालातली सर्वांत उंच जागा बरोबर आली. खालून पाच टक्क्यांवरचा आकडाही ऋण आणि खाडीला शोभेलसा आला, म्हणून कोणी शंका घेतली नाही. प्रत्यक्षात तो उथळ कडेचा आकडा होता. बिंग फुटलं ते ‘सर्वांत खोल जागा’ या रकान्यात शून्याला अगदी चिकटलेला ऋण आकडा दिसला तेव्हा. हीच खूण लक्षात ठेवावी: किमान आकडा शून्याच्या किंचित खाली आणि यादीच्या मधोमध, ऋण संपून धन सुरू होताना, मोठी उडी.

खरा उपाय लहान आहे. संख्या धन असेल तर फक्त चिन्हाचा बिट उलटायचा; ऋण असेल तर सगळे ३२ बिट उलटायचे. सगळे बिट उलटणं म्हणजे `FFFFFFFF` मधून ती संख्या वजा करणं. वजाबाकीने क्रम उलटतो, म्हणून ऋणांची उलटी रांग सुलटी होते. त्याच वेळी त्यांचा वरचा बिट १ चा ० होतो आणि त्या धनांच्या खाली जातात. एका क्रियेत दोन्ही कामं होतात.

```c
uint32_t to_key(float f) {
    uint32_t u;
    memcpy(&u, &f, sizeof u);
    return u ^ ((u >> 31) ? 0xFFFFFFFFu : 0x80000000u);
}

float from_key(uint32_t k) {
    k ^= (k >> 31) ? 0x80000000u : 0xFFFFFFFFu;
    float f;
    memcpy(&f, &k, sizeof f);
    return f;
}
```

आपले पाच आकडे यातून घातले की −२.० चा `3FFFFFFF`, −१.० चा `407FFFFF`, −०.५ चा `40FFFFFF`, ०.५ चा `BF000000` आणि २.० चा `C0000000` होतो. चढता क्रम जागच्या जागी.

इथे `memcpy` हौसेने घातलेलं नाही. `(uint32_t)f` असं लिहिलं तर सीमध्ये बिट मिळत नाहीत, संख्येचा पूर्णांक भाग मिळतो, आणि −२.० साठी तर निकाल काय येईल याची भाषा हमीच देत नाही. पॉइंटरचा प्रकार बदलून वाचणं हाही नियमभंग आहे. तो एका कंपायलरवर चालतो, दुसऱ्यावर ऑप्टिमायझेशन वाढवलं की फसू शकतो.

परतीच्या फंक्शनमध्ये अट उलटी झाली आहे, तिकडे नीट बघा. रूपांतरानंतर वरचा बिट १ असणं ही धन संख्येची खूण झालेली असते. परत येतानाही `to_key` चीच अट वापरली तर ऋण आधी आणि धन नंतर एवढं राहतं, पण दोन्ही गट आपसांत उलटे होतात: १.० ची ३.९९९९९९८ होते आणि −१.० ची −३.९९९९९९८. आकडे भलतेच आणि दोन्ही गटांत उलटे, असं दिसलं की आधी इथे पाहावं.

आता शून्य. मानकात शून्यं दोन आहेत, +० आणि −०. तुलनेत ती समान ठरतात, पण त्यांच्या किल्ल्या `80000000` आणि `7FFFFFFF` अशा वेगळ्या होतात, म्हणून −० नेहमी आधी लागतं. नुसते आकडे लावायचे असतील तर बिघडत नाही. आकड्याबरोबर बिंदूची नोंदही चालली असेल आणि समान उंचीच्या नोंदी मूळ क्रमात राहाव्यात अशी अपेक्षा असेल, तर ती इथे मोडते. `to_key` मध्ये `u` हा `0x80000000` असेल तर तो आधी शून्य करून टाकावा. संख्येत ०.० मिळवण्याची युक्तीही लोक सांगतात, पण `-ffast-math` लावलं की कंपायलर ती बेरीज गाळून टाकू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो `NaN` ने, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ या किमतीने. आमच्याकडे वाचन न मिळालेले बिंदू असे नोंदलेले होते. क्रम लावल्यावर त्यांतले काही यादीच्या तळाशी, ऋण अनंताच्याही आधी गेले, आणि काही शेंड्याला. कारण `NaN` लाही चिन्हाचा बिट असतो. इंटेलच्या जातीचा प्रोसेसर शून्याला शून्याने भागल्यावर `FFC00000` देतो, त्याचा चिन्हबिट १ असतो. फायलीतल्या मजकुरातून वाचलेला `NaN` बहुधा `7FC00000` असतो. एकाच अर्थाच्या नोंदी त्यामुळे दोन टोकांना जातात आणि टक्केवारीचे सगळे आकडे सरकवतात. क्रम लावण्याआधीच त्या बाजूला काढाव्यात. ओळखण्यासाठी बिटच तपासावेत: `(u & 0x7FFFFFFF) > 0x7F800000` असेल तर ती `NaN`. `isnan` वर विसंबू नये, कारण `-ffast-math` खाली तेही निरुपयोगी होऊ शकतं.

तपासणीतही याच किमती फसवतात. शेजारचे दोन आकडे घेऊन ‘पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा आहे का’ असं विचारलं, तर `NaN` असताना उत्तर नेहमी ‘नाही’ येतं आणि बिघडलेली यादीही उत्तीर्ण होते. प्रश्न फिरवून ‘पहिला दुसऱ्याएवढा किंवा त्याहून लहान आहे ना’ असा विचारावा. मग `NaN` लगेच पकडला जातो.

३२ बिटांसाठी तर नमुने निवडायचीही गरज नाही. `007FFFFF` ही ऋण अनंताची किल्ली आणि `FF800000` ही धन अनंताची. पहिलीपासून दुसरीपर्यंत एकेक किल्ली `from_key` मधून काढावी, मिळालेली संख्या आधीच्या संख्येएवढी किंवा मोठी आहे का पाहावं, आणि `to_key` ने तीच किल्ली परत मिळते का तेही पाहावं. −० साठी वरची दुरुस्ती केली असेल तर तेवढी एक किल्ली जुळणार नाही, ते अपेक्षितच आहे. साधारण सव्वाचारशे कोटी किमती म्हणजे आजच्या यंत्राला फार मोठं काम नाही.

६४ बिटांच्या `double` ला ही सोय उरत नाही, आणि तिथे एक चूक ठरलेली होते. कोड जसाच्या तसा उचलून प्रकार तेवढा `uint64_t` करतात, पण `31` चा `63` करायचा राहतो आणि मास्क ३२ बिटांचेच राहतात. मग जवळजवळ प्रत्येक संख्येचा खालचा अर्धा भाग उलटतो आणि वरचा तसाच राहतो. ऋण संख्या पुन्हा धनांच्या पुढे जातात, पण तेवढ्यावर भागत नाही: एकमेकींच्या अगदी जवळच्या धन संख्याही आपसांत उलट्या लागतात. चाचणीत १.०, २.०, ३.५ असे गोल आकडे घेतले तर हा दुसरा दोष दिसणारच नाही, कारण त्यांचा खालचा अर्धा भाग शून्यांचाच असतो. म्हणून `double` च्या चाचणीत ०.१ आणि त्याच्या लगतची पुढची संख्या, जी `nextafter` ने मिळते, अशी जोडी धन आणि ऋण दोन्ही बाजूंना घालावी.