भ्रूणातील जनुक-बदल : उपचार कोणता, संमती कोणाची?

नोव्हेंबर 2018 मध्ये चीनमधील शेन्झेन येथील शास्त्रज्ञ डॉ. हे जियानकुई (‘हे’ हे त्यांचे आडनाव) यांनी एक घोषणा केली. जनुकात बदल केलेल्या भ्रूणांपासून दोन जुळ्या मुलींचा जन्म झाल्याचे त्यांनी सांगितले. अशा प्रकारचा हा पहिलाच ज्ञात जन्म होय. डिसेंबर 2019 मध्ये तेथील न्यायालयाने त्यांना तीन वर्षांचा कारावास व तीस लाख युआन दंड अशी शिक्षा दिली. या प्रयोगात नेमके काय घडले हे पाहिल्यास, भ्रूणावरील उपचार कशास म्हणावे आणि त्याचा निर्णय कोणी घ्यावा, हे दोन्ही प्रश्न स्पष्ट होतात.

प्रयोगाचे स्वरूप

प्रयोगातील पिता एचआयव्ही-बाधित होते. माता बाधित नव्हत्या. एचआयव्हीचा विषाणू रक्तातील पांढऱ्या पेशीत शिरताना बहुधा सीसीआर-5 नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो. उत्तर युरोपातील काही लोकांत या प्रथिनाच्या जनुकातील 32 अक्षरांचा तुकडा जन्मतःच गळालेला असतो. ज्यांना असे जनुक आई व वडील या दोघांकडून मिळते, त्यांना या विषाणूची लागण सहसा होत नाही. मुलींना असेच संरक्षण द्यावे, हा प्रयोगाचा उद्देश होता.

त्यासाठी ‘क्रिस्पर’ हे तंत्र वापरण्यात आले. यात एक मार्गदर्शक रेणू जनुकातील ठरलेली जागा शोधतो व त्याच्यासोबतचे प्रथिन तेथे छेद देते. तुटलेली टोके पेशी स्वतःच जोडते. परंतु जोडताना किती अक्षरे गळतील वा वाढतील, यावर प्रयोगकर्त्याचे नियंत्रण नसते. त्यामुळे 32 अक्षरांची ती नैसर्गिक त्रुटी मुलींत उतरलीच नाही. निराळेच बदल झाले. एका मुलीत तर जनुकाची एक प्रत मूळ स्वरूपातच राहिली, म्हणजे अपेक्षित संरक्षणही तिला मिळाले नाही.

दुसरी अडचण तपासणीची आहे. भ्रूणाच्या पेशींचे विभाजन सुरू झाल्यावरही छेद देण्याचे काम चालू राहिले, तर एकाच भ्रूणातील पेशींत वेगवेगळे बदल होतात. तपासणीसाठी मोजक्याच पेशी काढता येतात. उरलेल्या पेशींत काय घडले, हे त्यांवरून खात्रीने सांगता येत नाही.

उपचार की गुणवर्धन?

या भ्रूणांना कोणताही रोग नव्हता. पित्याकडून होणारा संसर्ग टाळण्यासाठी शुक्रजंतू धुऊन वेगळे करण्याची पद्धत उपलब्ध होती व या प्रयोगातही ती वापरली गेली. तेव्हा जनुक-बदलाने कोणताही रोग बरा केला नाही. निरोगी भ्रूणाला एक अधिक गुण देण्याचा तो प्रयत्न होता. शिवाय सीसीआर-5 नसलेल्या व्यक्तीस ‘वेस्ट नाईल’ विषाणूचा आजार अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. एका बाजूचा लाभ दुसऱ्या बाजूची हानी ठरू शकतो.

याउलट सिकलसेल या आजाराचे उदाहरण घ्यावे. विदर्भ व खानदेशातील आदिवासी भागांत तो परिचित आहे. 2023 मध्ये ब्रिटन व अमेरिकेत यावरील जनुकीय उपचारास मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच रक्तनिर्मितीच्या पेशी काढून, त्यांत बदल करून परत दिल्या जातात. रुग्ण समोर असतो, त्याला विचारता येते आणि बदल त्याच्यापुरताच राहतो. भ्रूणातील बदल मात्र पुढील पिढ्यांतही उतरू शकतो. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणजे प्रयोगशाळेत वाढविलेल्या भ्रूणांतून निरोगी भ्रूण निवडण्याचा मार्ग बहुधा मोकळा असतो. भ्रूण बदलण्याची गरज फारच थोड्यांना पडेल.

निर्णय कोणाचा?

अपत्याच्या वतीने माता-पिता अनेक निर्णय घेतात, हे खरे. परंतु या प्रयोगाच्या संमतिपत्रात प्रकल्पाचे वर्णन एड्स-प्रतिबंधक लस विकसित करण्याचा प्रकल्प असे होते, आणि नीतिविषयक मान्यतेची कागदपत्रे बनावट असल्याचे न्यायालयात निष्पन्न झाले. जिची संमती घेणेच अशक्य, अशा व्यक्तीसाठी निर्णय घेताना पालकांच्या सहीबरोबर स्वतंत्र समितीची छाननी आवश्यक ठरते, ती याच कारणाने. भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा भ्रूणापासून अपत्यजन्म घडविण्यास मनाई केली आहे.

महाराष्ट्राला याचा वेगळ्या संदर्भात अनुभव आहे. आनुवंशिक दोष शोधण्यासाठी आलेली गर्भजल-परीक्षा मुलींचे गर्भ ओळखण्यासाठी वापरली जाऊ लागली, तेव्हा राज्याने 1988 मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. तेथेही संमती पालकांचीच होती. जिच्याविषयी निर्णय झाला, तिची बाजू मांडणारे मात्र त्या खोलीत कोणी नव्हते.