घरचे गणित आणि शाळेचे गणित : पालक कार्यशाळेची रूपरेषा

रायगडच्या किनारपट्टीवर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते. शाळाही जूनमध्येच सुरू होतात. अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन तालुक्यांतील शाळा व्यवस्थापन समित्यांनी पालकांची दीड तासाची कार्यशाळा याच सुमारास घेतल्यास दर्यावर जाणारे वडीलही तिला येऊ शकतील. विषय एकच ठेवावा : हातच्याची वजाबाकी.

पहिल्या अर्ध्या तासात नारळाच्या हिरांच्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून घ्याव्यात. फळ्यावर ५२ − २७ हे उदाहरण लिहावे आणि पालकांपुढे पाच जुड्या व दोन सुट्या काड्या ठेवाव्यात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक जुडी सोडावी. आता चार जुड्या व बारा काड्या झाल्या. त्यांतून दोन जुड्या व सात काड्या काढल्या की २५ उरतात. शाळेतील दशक सुटा करण्याची रीत ती हीच.

पुढील अर्ध्या तासात अनेक पालकांना अवगत असलेली जुनी रीत मांडावी. तीत वरच्या दोनाचे बारा करतात आणि खालच्या दोनाचे तीन. दोन्ही संख्यांत दहा मिळविल्याने फरक बदलत नाही, म्हणून उत्तर २५ च येते. दोन्ही रीती बरोबर आहेत. घोटाळा होतो तो मिश्रणाने. मूल शाळेच्या रीतीने वरच्या पाचाचे चार करते, घरच्या रीतीने खालच्या दोनाचे तीनही करते आणि उत्तर १५ लिहिते. उत्तर नेमके दहाने कमी आले, तर दोन रीती एकत्र झाल्या असण्याचा संभव अधिक असतो.

उत्तर ३५ आल्यास कारण निराळे. मूल पाचाचे चार करावयास विसरले असेल, किंवा सातातून दोन वजा केले असतील. हे ओळखण्यासाठी ५३ − २७ हे उदाहरण द्यावे. खरे उत्तर २६ आहे. ३६ आल्यास विसर पडला. ३४ आल्यास मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, असे समजावे.

अखेरच्या अर्ध्या तासात संख्यावाचन घ्यावे. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात, म्हणून मूल कधी कधी २५ लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असे वाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली होती. घरी 'बावन्न' म्हणण्यास हरकत नाही. मात्र सोबत पाच जुड्या व दोन काड्या दाखवाव्यात.

घरी पालकांनी प्रथम, "बाळा, शाळेत कसे केले ते काड्यांनी दाखव," एवढेच म्हणावे. यासाठी अक्षरओळखही लागत नाही. शाळेची रीत पक्की होईपर्यंत आपली रीत वहीवर आणू नये. पुढे उत्तराचा ताळा पाहण्यास ती खुशाल वापरावी.