बाबांना दुकानाबद्दल काय लिहू?

प्रश्न : सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलांचं जुनं दुकान आहे. गिऱ्हाईक रोडावलंय. समोर बोललं की वाद होतो, म्हणून बाबांना पत्र लिहितेय. काय सुचवू?

उत्तर : पत्राची सुरुवात त्यांच्याच स्टॉकवहीतून करा. वर्षभर न हललेला माल मोजा. समजा ४०० रुपये खरेदीच्या ६० चादरी पडून आहेत, तर २४,००० रुपये अडकलेत. ‘बाबा, हा माल खरेदीच्या भावात काढू आणि त्याच पैशात एक प्रयोग करू,’ असं लिहा. नवं कर्ज नको, हे वाचून त्यांची निम्मी काळजी मिटेल.

प्रयोगही एकच सुचवा. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर इथल्या लॉजना चादरी-टॉवेल सतत बदलावे लागतात. आधी दोन लॉजना नमुने द्या. त्यापूर्वी एक चादर मोजून गरम पाण्यात पाच-सहा वेळा धुवा आणि पुन्हा मोजा. ती फार आटली किंवा रंग सुटला, तर तो माल तिथे टिकणार नाही.

खरा धोका उधारीचा आहे. पहिलं बिल चुकतं झाल्याशिवाय दुसरा माल द्यायचा नाही, हे पत्रातच लिहा. तीन महिन्यांत पुन्हा मागणी आली नाही, तर प्रयोग थांबवा.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पण यंत्रमाग कारखानदाराची त्याखालची नोंदणी पाहिल्याशिवाय ते नाव पाटीवर लावू नका. माल कुणाचा घ्यायचा, हे मात्र बाबांनाच ठरवू द्या. कापडाची पारख त्यांची आहे.