गाण्यातले रडू खरे की ओढून आणलेले?

गाणे ऐकताना डोळे भरून आले म्हणजे गाणे चांगलेच असते, असे नाही. कधी शब्द रडवतात, कधी पेटीचा लांबलेला सूर, तर कधी ऐकणाऱ्याचीच एखादी आठवण. म्हणून ओळ तपासायची तर आधी चाल सोडून ती साधी बोलून पाहावी.

मुलगे इस्रायलला गेले, आई कोकणात राहिली, या प्रसंगावर पाठासाठी तीन जोड-ओळी रचल्या आहेत.

पहिली :
माउलीचं काळीज तुटलं, आसवांचे पूर आले,
सोन्यासारखे लेक तिचे सातासमुद्रापार गेले.

दुसरी :
शब्बाथला चार पानं आईनं मांडली,
दोन मुकाट उचलून पुन्हा फळीवर ठेवली.

तिसरी :
पाहून तिची ती अवस्था दगडाला पाझर फुटला,
कोण असा पाषाणहृदयी, ज्याचा बांध नाही सुटला?

पहिली कसोटी खोडण्याची. ‘काळीज’, ‘आसवं’, ‘सोन्यासारखे’ हे शब्द खोडले की पहिल्या जोडीत ‘लेक दूर गेले’ एवढेच उरते. दुसरीत भावनेचा शब्द एकच, ‘मुकाट’. तोही खोडला तरी काही कमी होत नाही. चार पाने मांडणारा हात मुलांना अजून घरात धरून आहे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते.

दुसरी कसोटी बदलण्याची. पहिली जोडी सैनिकाच्या किंवा बोटीवर गेलेल्या खलाशाच्या आईलाही तशीच लावता येते. दुसरी मात्र याच घरातली, शुक्रवारच्या संध्याकाळची आहे.

तिसरी कसोटी : ओळ काय दाखवते आणि काय मागते? तिसऱ्या जोडीत आई दिसतच नाही. जो रडणार नाही तो पाषाणहृदयी, असा धाक मात्र आहे. ऐकणारा इथे दुःखाने नव्हे, शरमेने रडतो. ही जोडी दुसरीनंतर गायली, तर दुसरीने मिळवलेलेही वाया जाते.

पण रडण्याचा शब्द आला की ओळ खोटी, असा नियम करू नये. स्तोत्रसंहितेतील १३७ व्या स्तोत्रात बंदिवान रडतात, हे उघड सांगितले आहे. तरी ते खरे वाटते, कारण बाबेलच्या नद्या, झाडांवर टांगलेल्या वीणा आणि गाणे मागणारे शत्रू हे सारे तिथे आहे. उलट, नेमका तपशीलही फसवू शकतो. दुसऱ्या जोडीत ‘फाटक्या पदरानं’ पाने पुसली असती, तर पदर प्रसंगासाठी नव्हे, दयेसाठी आला असता.

स्वाध्याय : घरातल्या वडीलधाऱ्यांकडून निरोपाचे एक गाणे ऐका. चाल सोडून ते लिहून घ्या व तिन्ही कसोट्या लावा. एखाद्या ओळीला आजीचे डोळे भरले, तर तिला काय आठवले ते विचारा. ते ओळीत आहे, की तिच्या आठवणीत?